जन्म मालेगावचा, पत्ता नामपूरचा

महाराष्ट्रातल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं चाळली, तर १ जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहून कुणीही चक्रावेल. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचं वय प्रवेशात बसवायचं असायचं, आणि आई-वडिलांना नक्की तारीख आठवायची नाही. गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. आधारच्या नोंदणीत हीच जागा १ जानेवारीने घेतली. शिबिरात कागद नसला की अंदाजे वय सांगितलं जायचं. त्यावरून जन्मवर्ष ठरायचं आणि त्या वर्षाची पहिली तारीख नोंदीत बसायची.

दोन्ही तारखा वर्षानुवर्षं एकमेकींना न भेटता नांदल्या. आता त्या समोरासमोर येतात. विद्यार्थ्यांच्या अपार ओळख क्रमांकासाठी शाळेच्या यू-डायस नोंदीतलं नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. जुळलं नाही की मुख्याध्यापक पालकांना सांगतात, ‘आधार दुरुस्त करून आणा.’ पालक थेट आधार केंद्र गाठतात आणि इथेच गफलत होते.

कारण जन्मतारीख बदलण्याची मुभा आयुष्यात एकदाच आहे. नाव दोनदा बदलता येतं, लिंगाची नोंद एकदा. पत्त्याला मात्र मर्यादा नाही. घाईत मिळेल त्या कागदावर तारीख बदलून घेतली आणि खरी तारीख पुढे वेगळीच निघाली, तर ती एकमेव संधी खर्ची पडलेली असते. म्हणून कोणता कागद आधी, कोणता नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

समजा, बागलाण तालुक्यातल्या नामपूरचा नववीतला एक मुलगा आहे. आधारवर त्याची तारीख १ जानेवारी २०११, शाळेत १ जून २०११. आई म्हणते, ‘राखी पौर्णिमेच्या सुमाराला झाला, मालेगावच्या दवाखान्यात.’ आधारवरचा पत्ता ताहराबादचा, कारण तेव्हा कुटुंब तिथे राहत होतं. तारखा तीन आणि गावंही तीन.

वडील आधी नामपूर ग्रामपंचायतीत जन्मनोंद शोधतात. ती तिथे सापडणार नाही. जन्माची नोंद कुटुंब राहतं त्या गावात होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. बाळंतपण मालेगाव शहरातल्या दवाखान्यात झालं असेल, तर नोंद मालेगाव महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शोधायची. तिथे दवाखान्याच्या कागदावरून १२ ऑगस्ट २०११ ही तारीख निघाली, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा. असे बिननावाचे दाखले ढिगाने आहेत, कारण बारशाआधीच नोंद होते आणि पुन्हा कुणी फिरकत नाही. वर्षानंतरही विलंब शुल्क भरून नाव घालता येतं, पण नोंदीपासून १५ वर्षांच्या आत. या मुलासाठी ही मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपते.

नाव घालतानाच आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग त्यांच्या आधारशी ताडून पाहावं. दाखल्यात चूक असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करतात. नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मालेगावात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं. त्यामुळे असा अर्ज आता बारकाईने तपासला जाणार, हे धरूनच चालावं.

दाखला हाती आला की शाळा. मुलगा अजून शिकतो आहे, म्हणून जन्मदाखल्याच्या आधारे मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी प्रस्ताव जातो. हे दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी उरकलेलं बरं. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली तारीख बदलून घेणं फार अवघड जातं.

त्यानंतर आधार केंद्र. मूळ दाखला, मुलगा आणि पालक, तिन्ही हजर हवेत. ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता, जन्मतारीख अशा तपशिलांच्या दुरुस्तीला ७५ रुपये लागतात. मात्र पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद नव्याने करावीच लागते, ती ठरल्या मुदतीत मोफत असते. त्याच खेपेला तारीखही दुरुस्त केली, तर वेगळे पैसे पडत नाहीत.

केंद्रावर चालक इंग्रजीत टाइप करतो आणि संगणक त्याचं मराठी आपोआप करतो. ‘Sonawane’चं कधी सोनावणे होतं, कधी सोनवाने. नजर ठेवायची ती इथे. पावतीवर सही करण्याआधी इंग्रजी आणि मराठी दोन्ही ओळी अक्षर अन् अक्षर वाचाव्यात.

पत्त्याचं काम त्या मानाने सोपं. वडिलांनी आधी स्वतःचा पत्ता नामपूरचा करून घ्यावा. त्यासाठी तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातला, फोटो लावलेला ग्रामपंचायतीचा दाखला चालतो. मग कुटुंबप्रमुख म्हणून त्यांच्या संमतीने तोच पत्ता मुलाच्या आधारवर घेता येतो. नात्याचा पुरावा म्हणून तोच जन्मदाखला उपयोगी पडतो. पिनकोड टाकला की गाव, टपाल आणि तालुका यादीतून निवडायचे असतात. तालुका बागलाण आणि मुख्यालय सटाणा असल्याने रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं नाव दिसतं. आपल्या मनातलं स्पेलिंग तिथे टाकता येत नाही, यादीतलंच घ्यावं लागतं.

तारखेची संधी आधीच गेली असेल तर? ते ‘मायआधार’वरच्या दुरुस्ती इतिहासात दिसतं. तरीही केंद्रावर जन्मदाखल्यासह अर्ज करायचा. मर्यादा ओलांडली म्हणून तो नाकारला गेला, की १९४७ वर फोन करून किंवा मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाला लिहून अपवाद म्हणून विचार करण्याची विनंती करायची. पत्र एका पानात बसावं: पावतीवरचा २८ अंकी नोंदणी क्रमांक, सध्याची तारीख, हवी ती तारीख, आधी चूक कशी झाली याचं एक वाक्य आणि जोडलेल्या कागदांची यादी.

एवढा खटाटोप कशाला, तर तारखेचा फरक पैशांत मोजला जातो. हरियाणातल्या एका अपघातात गेलेल्या माणसाच्या आधारवर १ जानेवारी १९६९ ही तारीख होती आणि शाळेच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७०. उच्च न्यायालयाने आधार धरून वय ४७ मानलं आणि भरपाईचा गुणक १३ लावला. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा दाखला ग्राह्य धरला, वय ४५ ठरवलं आणि गुणक १४ केला. आधार ही ओळख पटवण्याची सोय आहे, जन्मतारखेचा पुरावा नाही, हे प्राधिकरणाने २०१८ मध्येच लेखी कळवलं होतं. भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं.

तेव्हा घरातली मुलं नववीत पोचण्याआधी जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार एकदा शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला, तर पहिला अर्ज जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकांकडे करा आणि आधार केंद्रावर सगळ्यात शेवटी जा.