मनगटी घड्याळातील उष्मांकांचा अंदाज
मनगटी घड्याळ नाडी हिरव्या प्रकाशाने मोजते. खर्च झालेले उष्मांक (कॅलरी) मात्र ते नाडी, हालचाल, वय, वजन व उंची यांवरून सूत्राने काढते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधील चाचणीत सातपैकी सहा उपकरणांची नाडीमोजणीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांबाबत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले.

समजा, पुण्यातील बिबवेवाडीत ७० किलो वजनाची व्यक्ती तासभर चालली आणि घड्याळाने ३०० उष्मांक दाखविले. तेवढीच चूक धरल्यास खरा आकडा २२० ते ३८० यांदरम्यान कोठेही असू शकतो. शिवाय त्यांतील सुमारे ७० उष्मांक ती व्यक्ती घरी बसली असती तरी खर्च झाले असते. काही घड्याळे हा खर्च वेगळा दाखवितात, काही त्यातच मिळवितात. त्यामुळे या आकड्याच्या भरवशावर वडापाव खाण्याचा हिशेब बहुधा फसतो.

झोपेचे गुणही अनुमानच असतात. मेंदूलहरी मोजल्या जात नसल्याने निश्चल पडून जागणे अनेकदा झोपेत धरले जाते. हृदयगतीची परिवर्तनशीलता, म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतराचा कमीअधिकपणा, व्यक्तीगणिक फार बदलते. ती त्याच घड्याळावरील स्वतःच्या काही आठवड्यांच्या सरासरीशीच ताडून पाहावी. शेजाऱ्याच्या आकड्याशी नव्हे.