सुलट, उलट आणि स्वेटरची बॉर्डर

डिसेंबरात निफाडच्या कुंदेवाडीचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या यायला लागल्या, की शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजारात स्वेटर घेणाऱ्यांची गर्दी होते. बहुतेक माल लुधियानाचा, मशीनवर विणलेला. बायका रंग आणि लोकर बघतात, किंमत पाडून मागतात. वीण मात्र फारसं कुणी उलटून बघत नाही. माझ्या मते स्वेटर किती वर्षं अंगावर राहील, हे रंगापेक्षा वीणच जास्त ठरवते.

विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. खरं तर तोही एकच टाका आहे. पुढून पाहिला तर इंग्रजी व्ही दिसतो, मागून पाहिला तर गाठीसारखा उंचवटा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत गेलं, की सगळे व्ही पुढे आणि सगळे उंचवटे मागे जातात. हीच साधी वीण. कारखान्यात तिला जर्सी म्हणतात. ती रुंदीत चांगली ताणते, उंचीत कमी.

या विणीची खोड म्हणजे ती वळते. सुईवरून काढलेला तुकडा टेबलावर ठेवा. दोन्ही बाजूंच्या कडा मागे वळतात, तर वरची आणि खालची कड पुढे गुंडाळते. लोकर वाकवून टाका केलेला असतो आणि तिला सरळ व्हायचं असतं. सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून असल्यामुळे त्या ओढीला विरोध करणारं कुणी नसतं. मधल्या भागात शेजारचे टाके एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून वळण दिसतं ते कडेला. इस्त्री फिरवून ते थोडा वेळ बसतं, पण धुतल्यावर परत येतं.

म्हणूनच स्वेटरच्या खाली, मनगटाला आणि गळ्याला बॉर्डर असते. दोन सुलट, दोन उलट. सुलटांच्या उभ्या रांगा पुढे येतात, उलटांच्या त्यांच्या आड जातात, साडीच्या निऱ्यांसारख्या. एका रांगेची ओढ पुढे, शेजारचीची मागे, त्यामुळे कड वळत नाही. आणि अर्धे टाके आड लपल्यामुळे कापड आक्रसतं. ओढलं, की लपलेल्या रांगा बाहेर येतात. सोडलं, की परत आत जातात. ही पकड आणखी घट्ट व्हावी म्हणून बॉर्डर बारीक सुईवर घालतात. अंगाला नऊ नंबर असेल तर बॉर्डरला अकरा. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला, की सुई बारीक होते, हे नवख्या मुलींना दोनदा सांगावं लागतं.

वेणीचं वागणं वेगळं. सहा टाक्यांची वेणी असेल, तर पहिले तीन जादा सुईवर पुढे सोडायचे, पुढचे तीन विणायचे, मग सोडलेले विणायचे. वेणी डावीकडे झुकते. ते तीन मागे धरले तर उजवीकडे. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवले, की ती उठून दिसते. पण टाके एकमेकांवरून गेल्यामुळे कापड जाड होतं, रुंदीत आखडतं आणि ताणही कमी घेतं.

हिशेब इथेच चुकतो. समजा, दहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर आहे, पुढचा भाग पंधरा इंच हवा आणि साध्या विणीत इंचाला साडेपाच टाके बसतात. म्हणजे ८२ टाके. त्यात सहाच्या तीन वेण्या टाकल्या, तर प्रत्येक वेणी जवळजवळ चार साध्या टाक्यांइतकीच जागा घेते. सहा टाके वाढवून ८८ केले नाहीत, तर पुढचा भाग इंचभर अरुंद होतो. हे टाके बॉर्डर संपल्यावर वाढवायचे, बॉर्डरीत नाही. नाहीतर ती फुगते. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या हातावर ठरतो, म्हणून वेणीसकट नमुना विणून मोजणं बरं.

गळ्याला आणखी एक घोळ होतो. बॉर्डर छान ताणते, पण टाके बंद करताना हात आवळला, की शेवटची ओळ ताणत नाही आणि मुलाचं डोकं आत जात नाही. बंद करायला एक-दोन नंबर जाड सुई घ्यावी, आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट करतच बंद करावं.

बाजारातल्या मालाची परीक्षा यावरूनच करा. खालची बॉर्डर दोन्ही हातांनी दुप्पट ताणा आणि सोडा. ती लगेच मिटली तर ठीक. सैल राहिली, तर एका हिवाळ्यात मनगटं लोंबतील. घरी आणल्यावर ओला स्वेटर दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने साधी वीण लांबते. टॉवेलवर पसरून वाळवा. आणि ॲक्रिलिकच्या बॉर्डरवर गरम इस्त्री कधीच ठेवू नका. उष्णतेने तो धागा मऊ पडतो, बॉर्डर चपटी होते आणि पुन्हा आक्रसत नाही.