धंदा बदलला, पाटी बदलायची का?

ग्रोफर्सने धंद्याची रीत दोनदा मुळापासून बदलली, नाव मात्र एकदाच बदललं. कोणत्या वेळी बदललं आणि कोणत्या वेळी नाही, हे नीट पाहिलं तर नावाचा निर्णय कशावर ठरतो ते कळतं.

२०१३ मध्ये गुरुग्राममध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी जवळच्या किराणा दुकानातून माल उचलून ग्राहकाच्या घरी पोहोचवायची. स्वतःचं गोदाम नव्हतं. हे गणित बसेना. २०१६ च्या सुरुवातीला नाशिकसह नऊ शहरांतली सेवा तिने बंद केली आणि हळूहळू स्वतःची गोदामं, स्वतःच्या लेबलचा माल, घाऊक खरेदी या वाटेला लागली. आतून सगळंच बदललं होतं. पण ग्राहकाच्या बाजूने काय दिसत होतं? महिन्याची यादी करायची, ऑर्डर टाकायची, सामान स्वस्तात घरी येतं. त्याच्या डोक्यात ग्रोफर्स म्हटल्यावर जे येत होतं, तेच नव्या पद्धतीतही त्याला मिळत होतं. म्हणून नाव राहिलं, आणि ते बरोबरच होतं.

२०२१ मध्ये कंपनी दहा मिनिटांत पोहोचवण्याकडे वळली. आता मोठ्या गोदामाऐवजी वस्तीतली छोटी दुकानं आली. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात, कारण तिथे गिऱ्हाईक येत नाही, फक्त ऑर्डर भरणारे कामगार आणि डिलिव्हरीवाले असतात. या वेळी मात्र ग्राहकाची सवयच बदलायची होती. चहा ठेवल्यावर दूध संपलेलं लक्षात येतं, त्या क्षणी त्याने हे ॲप उघडायला हवं होतं. ग्रोफर्स म्हटलं की त्याला आठवायची ती महिन्याची यादी आणि उद्या येणारं सामान. जुनी ओळख वाईट नव्हती. चांगली होती, पक्की होती, आणि म्हणूनच आडवी येत होती. डिसेंबर २०२१ मध्ये ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं. जिथे झटपट सामान पोहोचवणं शक्य नव्हतं तिथली सेवाही कंपनीने थांबवली. माझ्या मते नावबदल टिकला तो यामुळे. नवं नाव जे सांगत होतं ते न मिळणारा ग्राहक मागे ठेवलाच नाही.

म्हणजे ‘हे नाव नव्या धंद्याला शोभतं का’ हा प्रश्न दुय्यम आहे. नाव ऐकून ग्राहक कशाची अपेक्षा धरतो आणि ती नव्या कामाला मदत करते की अडवते, हे आधी तपासावं. तपासायची एक साधी रीत आहे. जुने ग्राहक आणि नाव प्रथमच ऐकणारे ग्राहक नव्या सेवेत काय मागवतात, ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं. जुने लोक अजून जुन्याच पद्धतीने मागवत असतील आणि नवे मात्र नव्या पद्धतीने, तर नाव त्यांना मागे ओढतंय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

उलटी चूक नेटफ्लिक्सने केली. २०११ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा जुना धंदा वेगळा काढून त्याला ‘क्विकस्टर’ हे नाव द्यायचं तिने जाहीर केलं. ‘नेटफ्लिक्स’ हे नाव इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यापुरतं राहणार होतं. पण कित्येक घरं दोन्ही सेवा घेत होती. त्यांना दोन संकेतस्थळं, दोन खाती, दोन बिलं सांभाळावी लागली असती. त्याआधीच दोन्ही सेवांचे दर वेगळे करून एकत्रित खर्च वाढवल्यामुळे लोक चिडलेले होते. महिन्याभरातच हा बेत मागे घेतला गेला. ग्राहकाच्या लेखी धंदा एकच होता, तो नावाने दोन करू पाहिला, इथेच बिघडलं.

बदलायचं ठरलं तरी सगळं एकदम बदलत नाही. अँड्रॉइडवर ब्लिंकिट ॲपची ओळख आजही `com.grofers.customerapp` अशीच आहे. प्ले स्टोअरवर एकदा टाकलेल्या ॲपची ही ओळख बदलता येत नाही. नवी घ्यायची तर नवं ॲप टाकून प्रत्येकाला ते पुन्हा उतरवून घ्यायला सांगावं लागतं. वरचं नाव आणि चिन्ह मात्र साध्या अपडेटने बदलतं. पाटी, कॅरीबॅग, बिलं हा खर्च वेगळा. कायद्याने नोंदलेलं कंपनीचं नाव बदललं, तर दोन वर्षं जुनं नावही सोबत लिहावं लागतं. आणि जुना ट्रेडमार्क वापरात नसेल, तर पाच वर्षांहून अधिक काळ तसाच पडून राहिल्यावर तो रद्द करण्याचा अर्ज दुसरा कुणी करू शकतो.

मधला मार्गही आहे. ब्लिंकिट २०२२ मध्ये झोमॅटोने विकत घेतली. पुढे २०२५ मध्ये झोमॅटो कंपनीने स्वतःचं नाव ‘इटर्नल’ केलं, कारण आता ती फक्त जेवण पोहोचवणारी राहिली नव्हती. शेअर बाजारात नाव बदललं. जेवण मागवणाऱ्याच्या फोनवर झोमॅटो होतं, ते तसंच राहिलं.