मोटरचा न टेकलेला पाय

पंपाला नवी मोटर जोडायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष कपलिंगकडे जातं. मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत आणायचा असतो हे खरं, पण मी आधी मोटरचे पाय बघतो.

पाटाचा एक पाय जमिनीला टेकला नाही तर आपण खाली कागदाची घडी सरकवतो. मोटरला मात्र बोल्ट असतात. अधांतरी पाय बोल्टने आवळून खाली ओढला की तिचं डुगडुगणं थांबतं, पण बिडाची बॉडी पिळली जाते. आत स्टेटर आणि रोटर यांच्यातली फट जेमतेम मिलिमीटरभर. ती एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त झाली की चुंबकाची ओढ सारखी राहत नाही, आणि 50 हर्ट्झच्या विजेवर मोटर 100 हर्ट्झने थरथरू लागते. बेअरिंगही लवकर जातात. या दोषाला फिटर ‘सॉफ्ट फूट’ म्हणतात.

एका पंपघरात 75 किलोवॉटची, 1480 फेऱ्यांची मोटर बसवताना आम्ही अर्धा दिवस यातच घालवला. दोन्ही शाफ्टवर लेझरचे सेन्सर लावले, शाफ्ट हाताने फिरवून माप घेतलं, यंत्राने सांगितल्या तेवढ्या शिम पायांखाली घातल्या. पण बोल्ट आवळले की आकडे पुन्हा वेगळेच!

शेवटी मोटर उचलली. एका पायाखाली आठ पातळ शिमांची चळत निघाली, मध्ये गंज आणि रंगाचे पोपडे. अशी चळत स्प्रिंगसारखी दबते. बेसप्लेट घासून साफ केली, चळतीच्या जागी दोन जाड शिम घातल्या आणि सगळे बोल्ट आवळले. मग पायाला डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करत गेलो. पाय किती उचलतो ते टिपायचं, बोल्ट पुन्हा आवळायचा, मग पुढचा. आकडे आले 0.03, 0.22, 0.04, 0.20 मिलिमीटर. 0.05 पर्यंत चालतं.

जास्त उचलणारे दोन पाय समोरासमोरच्या कोपऱ्यातले होते. दोन्हींखाली शिम घालायचा मोह होतो, पण तसं केलं की मोटर दुसऱ्या कर्णावर डुलायला लागते. 0.22 वाल्या एकाच पायाखाली 0.20 ची शिम घातली. त्याआधी त्या पायाच्या चारही कोपऱ्यांत फीलर गेज सरकवून पाहिला होता. फट सगळीकडे सारखी होती. एकीकडे निमुळती असती तर पाय वाकडा आहे हे कळलं असतं, आणि सपाट शिमेने काम भागलं नसतं. पुन्हा तपासलं, तेव्हा चारही पाय 0.05 च्या आत आले.

आता लेझर लावला. मोटर खाली होती: पुढच्या पायांपाशी 0.30, मागच्या पायांपाशी 0.45. पुढच्या दोन्ही पायांखाली सारखीच 0.30 ची भर घातली, मागच्या दोन्हींखाली 0.45 ची, म्हणजे आधीची दुरुस्ती बिघडली नाही. मग बाजूच्या जॅक बोल्टने मोटर आडवी सरकवली. शाफ्टमधलं अंतर 0.04 वर आलं. या वेगाला 0.09 पर्यंत चालतं.

बोल्ट पूर्ण आवळून परत माप घेतलं. या वेळी आकडे हलले नाहीत.