‘बघतो’चा अर्थ परदेशात कसा लागतो?

आज समोर बसलेल्यांत काही जण इथल्याच, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांतले आहेत आणि काही जण रोज सकाळी लोकल पकडून ऑफिसला जाणारे आहेत, असं मला सांगितलंय. कामं वेगळी असली तरी दोघांची तक्रार एकच असते. परदेशातल्या माणसाला आपण ‘हो’ म्हटलेलंच नसतं, आणि तो मात्र ते ‘हो’ धरून पुढे गेलेला असतो.

घरापासून सुरुवात करू. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘रविवारी जेवायला या.’ तुम्ही म्हणालात, ‘बघतो, जमलं तर नक्की येतो.’ आता काकू त्या रविवारी तुमच्यासाठी पान वाढून बसतात का? नाही. त्यांना कळलेलं असतं. कशावरून? एक म्हणजे ‘बघतो’ लांबवलेलं होतं. दुसरं, ‘जमलं तर’ आणि ‘नक्की’ एकाच वाक्यात आले, म्हणजे ‘नक्की’ला काही अर्थ उरला नाही. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, तुम्ही ‘किती वाजता?’ असं विचारलं नाहीत. जो खरंच येणार असतो तो वेळ विचारतो. तरीही काकूंना शंका असेल तर त्या शनिवारी पुन्हा विचारतील. म्हणजे आपला नकार शब्दांत नसतोच. तो आवाजात, न विचारलेल्या प्रश्नात आणि दुसऱ्यांदा विचारण्यात असतो. आपण निघतानासुद्धा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि कोणी दारात वाट बघत बसत नाही!

हा काही फक्त आपला स्वभाव नाही. ब्राउन आणि लेविन्सन या दोन अभ्यासकांनी सभ्यपणाच्या भाषेवर मोठं काम केलं. त्यांनी तमिळ, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि इंग्रजी, अशा तीन भाषांतली उदाहरणं घेतली. समोरच्याचा मान राखण्यासाठी आडून बोलणं तिन्हीकडे सापडतं. फरक असतो तो कुठे आणि किती आडून बोलायचं याचा. मालाची तारीख ठरवताना डच माणूस सहसा आडून बोलत नाही. आपण तिथेही बोलतो.

आता एक प्रकरण सांगतो. गाळ्याचं नाव घेणार नाही. स्टीलचे जेवणाचे डबे बनवणारे हे लोक. नेदरलँड्सच्या ग्राहकाने सप्टेंबरच्या मध्यात विचारलं, 3,000 डबे 28 ऑक्टोबरला तयार होतील का? मालकांनी मनात हिशेब केला. पत्रा येऊन काम सुरू होणार 25 सप्टेंबरला. प्रेसवर डबा पटकन निघतो, वेळ लागतो पॉलिशला, आणि तिथे दिवसाला 80 डबेच होतात. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. पॉलिशवाले कारागीर 25 तारखेला गावी निघणार आणि छठ करूनच परतणार, म्हणजे 12 नोव्हेंबर. रविवार आणि दसरा सोडून हातात 25 दिवस. 25 गुणिले 80, म्हणजे 2,000 डबे. मालकांना त्याच मिनिटाला कळलं होतं की 3,000 होणार नाहीत.

आणि त्यांनी लिहिलं काय? ‘दिवाळीमुळे थोडं अवघड आहे, पण आम्ही पूर्ण प्रयत्न करू. होऊन जाईल.’

मालकांच्या लेखी हा नकार होता. ‘थोडं अवघड’ म्हटल्यावर शहाण्या माणसाने समजून घ्यावं ना! पण डच ग्राहकाने काय वाचलं? अडचण आहे, यांनी तिचा विचार केलाय, आणि तरी होणार आहे. त्याला उलट जास्तच भरवसा वाटला. ‘होऊन जाईल’ची गंमत बघा, त्यात कोण करणार ते नाही आणि कधी ते नाही. काकूंना हे ऐकू येतं. ईमेलमध्ये आवाज नसतो, त्यामुळे तिथे उरतो तो नुसता होकार.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, ‘धन्यवाद, मग मी न्हावा-शेवाहून कंटेनर बुक करतो.’ माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे. मालक गप्प राहिले. आपल्याकडे गप्प राहणं हा नकार असू शकतो, त्याच्याकडे ती संमती ठरली. असं ‘मग मी बुक करतो’, ‘मग ठरलं’ आलं की समजा, समोरच्याने तुमचं ‘बघतो’ ‘हो’ म्हणून नोंदवलंय. दुरुस्त करायचं तर त्याच दिवशी.

24 ऑक्टोबरला फोनवर खरं बाहेर आलं. ग्राहक चिडला तो 1,000 डब्यांसाठी नव्हे. त्याने एकच विचारलं, ‘हे तुम्हाला सप्टेंबरमध्ये माहीत होतं?’ माहीत तर होतंच. त्याला वाटलं, आपल्याशी खोटं बोलले. मालकांना वाटलं, मी तर आधीच सांगितलं होतं. दोघेही मनापासून दुखावले.

तेच उत्तर कसं लिहिता आलं असतं?

‘28 ऑक्टोबरला 3,000 डबे देता येणार नाहीत. दिवाळीत पॉलिशचं काम 25 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर बंद असतं. 2,000 डबे 28 ऑक्टोबरला आणि उरलेले 1,000 डबे 30 नोव्हेंबरला तयार देऊ शकतो. दोन खेपा चालतील की सगळा माल एकदम 30 नोव्हेंबरला हवा, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.’

यात उद्धट काही आहे का? पहिल्या वाक्यात उत्तर आहे, मग एकच कारण, मग काय जमेल ते, आणि शेवटी निर्णय त्याच्या हातात दिलाय. मान राखला जातो तो इथे. आपली चूक अशी की सगळी नम्रता आपण पहिल्या वाक्यात ओततो आणि उत्तरच त्यात विरघळतं. ‘कृपया’ लिहा, दिलगिरीही एकदा व्यक्त करा, पण ‘देता येणार नाहीत’ला ‘कदाचित’ जोडू नका. काही जण एकदा पोळले की दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘शक्य नाही’ एवढंच लिहितात. स्पष्ट बोलणाऱ्यालाही ते तुटकच वाटतं, कारण पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही.

ऑफिसवाल्यांसाठी एक. व्हिडिओ कॉलवर आपण सतत ‘यस, यस’ म्हणत असतो. तो आपला हुंकार आहे, ‘ऐकतोय’ एवढाच. पलीकडचा त्याला मान्यता समजतो. म्हणून कॉल संपताना म्हणा, ‘पहिले दोन मुद्दे मी मान्य केलेत, तिसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.’

मागून प्रश्न आलाय, ‘नकार द्यायचा अधिकारच नसेल तर? साहेबांना विचारावं लागतं.’ बरोबर आहे. पण ‘विचारून सांगतो’ एवढंच सांगून थांबू नका. म्हणा, ‘आज माझ्याकडे उत्तर नाही. बुधवारी संध्याकाळी 5 पर्यंत देतो, तोपर्यंत हे ठरलं असं धरू नका.’ आणि साहेबांचा निर्णय झाला नाही तरी बुधवारी 5 वाजता तेवढं तरी लिहा.

आणखी एक प्रश्न आहे, ‘सगळ्याच परदेशी लोकांशी असंच बोलायचं का?’ नाही. जपानी ग्राहक असेल तर तोही बहुधा आडूनच बोलत असतो. तिथे ‘थोडं अवघड आहे’ हे वाक्य त्याच्याकडून आलं, तर तो नकार असण्याची शक्यता जास्त. तेव्हा मात्र काकूंसारखं ऐकायला लागतं.