एक डायपर कितीला पडला?

पुण्यातल्या एका सुपरमार्केटच्या डायपरच्या रांगेत तरुण आई-बाबा उभे होते. बाबांच्या गळ्यात अडकवलेल्या झोळीत चार महिन्यांचा मुलगा झोपलेला. त्याचं वजन 6 किलो 900 ग्रॅम, आदल्या दिवशीच लसीच्या वेळी दवाखान्यात केलेलं. समोर ‘स्मॉल’ मापाची एकाच ब्रँडची दोन पाकिटं होती. एकात 42 डायपर, छापील किंमत 499 रुपये. दुसऱ्यात 86 डायपर, किंमत 949. आईचा हात मोठ्या पाकिटाकडे गेला. मोठं पाकीट स्वस्त पडतं, हे आपण घरात तेलाच्या डब्यापासून शिकत आलेलो असतो.

बाबांनी पाकीट उलटं करून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली, त्या दुरुस्तीनं छापील किमतीशेजारी एका नगाची किंमतही छापणं उत्पादकांना बंधनकारक केलं. छोट्या पाकिटावर ती 11.88 रुपये होती, मोठ्यावर 11.03. म्हणजे मोठं पाकीट नगामागे 85 पैशांनी स्वस्त. इथवर आईचा अंदाज बरोबर होता.

पण छोट्या पाकिटाखाली दहा टक्के सवलतीची पट्टी लटकत होती, मोठ्याला सवलत नव्हती. सवलतीनंतर छोटं पाकीट 449 रुपयांना, म्हणजे एक डायपर 10 रुपये 69 पैशांना पडत होता. पाकिटावरचा नगाचा भाव हा छापील किमतीचा असतो, गल्ल्यावर आपण देतो त्या पैशांचा नव्हे. तो वाचून थांबलं की फसगत होते. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून ‘प्रत्यक्ष दिलेली रक्कम भागिले नग’ एवढा एकच हिशेब करायचा. (वरचे भाव समजण्यासाठी घेतलेले आहेत. दुकानागणिक आणि आठवड्यागणिक ते बदलतात.)

छापील किमतीबद्दल आणखी एक गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मुलांच्या डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. करासह 1,120 रुपयांना मिळणारं पाकीट तेवढ्यानं 1,050 वर यायला हवं. तेव्हा जुन्या बिलावरचा भाव डोक्यात ठेवून आजच्या ‘सवलती’चं कौतुक करू नये.

ऑनलाइन खरेदीत हा भागाकार आणखी जपून करावा लागतो. ‘86 नग, 2 चा पॅक’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा 86 एका पाकिटात आहेत की दोन्ही मिळून, हे शीर्षकावरून कळेलच असं नाही. पाकिटाच्या फोटोवरचा आकडा मोठा करून पाहावा आणि तपशिलातली एकूण संख्या त्याच्याशी जुळते का ते बघावं. जुळत नसेल तर सरळ दुसरीकडे वळावं, कारण इथली चूक भाव निम्मा दाखवते.

आता मापांकडे. बाजारातल्या बहुतेक मोठ्या ब्रँडच्या पँट-डायपरवर साधारण असे पट्टे असतात: स्मॉल 4 ते 8 किलो, मीडियम 7 ते 12, लार्ज 9 ते 14, एक्स्ट्रा लार्ज 12 ते 17. माप वाढलं की त्याच किमतीत नग कमी येतात, म्हणून नगामागचा भाव चढतो. स्मॉलचा भाव लार्जशी ताडून ‘हा ब्रँड महाग झाला’ म्हणणं त्यामुळे चुकीचं. तुलना एकाच मापात आणि एकाच प्रकारात करावी, पट्टीवाल्याची पट्टीवाल्याशी, पँटची पँटशी. बाळ मोठं होतं तसे दिवसाला लागणारे डायपर कमी होतात, हाही दिलासा असतोच. दहा रुपयांचे सात लागत होते तिथे चौदाचे चार लागले, तर रोजचा खर्च सत्तरवरून छप्पनवर येतो.

पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, हे मात्र नीट पाहण्यासारखं आहे. सात ते आठ किलोचं बाळ स्मॉलमध्येही बसतं आणि मीडियममध्येही. त्या पुण्याच्या मुलाचं वजन नेमकं या वळणावर आलं होतं.

मोठ्या पाकिटाचा फायदा इथेच बुडतो. समजा, त्या आई-बाबांनी ऑनलाइन 86 ची दोन पाकिटं 1,720 रुपयांना घेतली. एकूण 172 नग, नगाला बरोबर दहा रुपये. दिवसाला सहा लागले तर ती जवळपास 29 दिवस पुरतील. पण विसाव्या दिवशी मांड्यांवर लाल वळ उमटू लागले आणि माप बदलावं लागलं, तर वापरले गेले 120, कपाटात राहिले 52. मग वापरलेला प्रत्येक डायपर 14 रुपये 33 पैशांना पडला. दुकानातलं छोटं पाकीट याहून कितीतरी स्वस्त होतं. खरं तर बारा डायपर उरले तरी या सौद्याचा फायदा संपतो.

किती साठा करावा, हे बाळाच्या वाढीचा वेग सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याचं मधलं वजन जन्माला 3.3 किलो, तिसऱ्या महिन्यात 6.4, सहाव्यात 7.9 आणि वर्षाला 9.6 किलो असतं. पहिल्या तीन महिन्यांत तीन किलो वाढतात, पुढच्या नऊ महिन्यांतही जेमतेम तेवढेच. त्यामुळे नवजात मापाचा साठा म्हणजे निव्वळ जुगार. बारशाला भेट म्हणून आलेली अशी पाकिटं अनेक घरांत न फोडताच राहतात. याउलट मीडियम चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं आणि बाळ दहा किलोला लार्जवर गेलं तरी नऊ-दहा महिने चालतं. मोठा सौदा करायचाच असेल तर तो या मापात, आणि आधी एक छोटं पाकीट वापरून अंगाला मानवतं हे पाहिल्यावर.

माप लहान झाल्याची खूण वजनापेक्षा अंगावर आधी दिसते. कमरेवर किंवा जांघेत वळ उठतात, पाठीकडून गळती होते, पट्टीवाल्यात पट्टी पुढच्या रेघेपर्यंत ओढूनही पोचत नाही. नगामागे दोन रुपये वाचतात म्हणून अशा वेळी जुनंच माप ओढत राहिलं तर दुपटी, चादरी आणि धुण्याचा साबण ते दोन रुपये खाऊन टाकतात.

स्वस्त ब्रँड घ्यावा का, याचं उत्तर दिवसा एक आणि रात्री दुसरं असू शकतं. दिवसा शी झाली की डायपर बदलावाच लागतो, नुसता ओला असला तरी तीन-चार तासांत बदलणं त्वचेसाठी बरं. म्हणजे महाग डायपर जास्त तास शोषून घेतो, पण ते जादा तास दिवसा वापरातच येत नाहीत. तिथे आठ रुपयांचा पुरतो. रात्री आठ रुपयांचे दोन लागले आणि मधे बाळ जागं झालं, तर बारा रुपयांचा एकच स्वस्त. आजीबाई अजून दिवसा लंगोट बांधत असतील तर हिशेब याहून हलका होतो, हे वेगळं सांगायला नको.

दुकानातल्या त्या आईनं मोठं पाकीट परत रांगेत ठेवलं. स्मॉलचं 42 नगांचं एकच पाकीट घेतलं, आणि मापाची चाचणी म्हणून मीडियमचं सगळ्यात छोटं. स्मॉलचे 449 रुपये झाले. ते पाकीट बरोबर एक आठवडा पुरलं.