एका दिवसाच्या चाचणीत जे दिसत नाही

सेनेगलच्या दक्षिणेला बाम्बाली नावाचं गाव आहे. तिथला सादिओ माने पंधराएक वर्षांचा असताना घरी न सांगता राजधानी डाकारला गेला. तिथं निवड चाचणीच्या रांगेत एका वयस्कर माणसानं त्याचे फाटके बूट आणि साधी चड्डी पाहिली आणि 'तू इथं चाचणीला आलायस?' असं विचारलं. ही हकिकत मानेनेच पुढे सांगितली आहे. खेळ सुरू झाल्यावर मात्र त्याची निवड झाली. 'जनरेशन फूट' अकादमीतून तो २०११मध्ये फ्रान्सच्या मेट्झ क्लबात गेला आणि २०१९मध्ये लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग जिंकला.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात शोधाची उणीव दिसते. मुलगा अकादमीपर्यंत पोचला, अकादमी त्याच्या गावापर्यंत पोचली नव्हती. घरून पळून जाण्याचं धाडस ज्यांना झालं नाही, ती मुलं कुणाच्या नजरेलाच पडली नाहीत.

आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी एका दिवसाची चाचणी ठेवतात, तेव्हा हेच घडतं. जाहिरात वाचणारा पालक, एसटीचं भाडं आणि पायात बूट असलेली मुलं येतात. मग शंकूंमधून चेंडू नेणं, पायावर चेंडू उडवणं असे प्रकार होतात. ज्यानं शंकू आयुष्यात पाहिला नाही तो इथं मागे पडणारच, कारण या कसोट्या आजवरचा सराव मोजतात. शिकवलं तर किती लवकर शिकेल, हे त्यांतून कळत नाही.

ज्या तालुक्यात फुटबॉलचा संघच नाही तिथं शोध तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धेपासून सुरू करावा, आणि तोही खो-खो, कबड्डी आणि धावण्याच्या मैदानांवर. खो-खोत पाठलाग चुकवताना एका पावलात दिशा बदलणाऱ्या मुलीकडे फुटबॉलला लागणारा तोल आधीच असतो. तिचं नाव शाळेच्या पीटीच्या सरांना ठाऊक असतं.

समजा, अशी २४ मुलं एका शाळेच्या पटांगणावर जमली. साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशी तीन मैदानं चुन्यानं आखायची आणि चौघांविरुद्ध चौघे असे पाच-सहा मिनिटांचे सामने लावायचे. गोलरक्षक नाही, दोन दगडांचा छोटा गोल. सगळे बूट घालतील किंवा सगळे अनवाणी खेळतील. प्रत्येक सामन्यानंतर जोडीदार बदलायचे आणि विजयाचे तीन, बरोबरीचा एक असे गुण प्रत्येक मुलाच्या नावावर लिहायचे. एखाद-दुसरा सामना नशिबानं जिंकता येतो. पण आठ-दहा सामन्यांत जोडीदार बदलूनही ज्याचा संघ वरचढ ठरतो, त्याच्याकडे पुन्हा पाहावंच लागतं. छोट्या संघात चेंडू सतत पायाशी येतो, त्यामुळे लपायला जागा नसते. चेंडू येण्याआधी मूल आजूबाजूला पाहतं का आणि चेंडू गेल्यावर लगेच मागे धावतं का, एवढंच निरीक्षकानं टिपावं. मग एखादी नवी गोष्ट शिकवून पंधरवड्यानं परत यावं. दोन भेटींतला फरक पहिल्या दिवसाच्या कौशल्यापेक्षा जास्त सांगतो.

सर्वांत मोठी फसगत वयाची असते. फुटबॉलचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षानं मोठा असतो. शिवाय आपल्या खेड्यांत कितीतरी मुलांची जन्मतारीख शाळेत घालताना सोयीनं '१ जून' लिहिली गेली आहे. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीतून हाडांची वाढ कळते, पण नेमकी जन्मतारीख कळत नाही. तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा धक्क्यानं चेंडू काढून घेतो आणि निवडला जातो. सतराव्या वर्षापर्यंत इतरांची उंची आणि ताकद भरून येते, तेव्हा त्याची आघाडी ओसरते. म्हणून मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची उंची नोंदवावी, त्यावरून त्याची वाढ किती बाकी आहे याचा अंदाज येतो. काही सामने सारख्या अंगकाठीच्या मुलांमध्ये लावावेत. तिथं दांडगाईचा उपयोग होत नाही आणि डोकं चालवावं लागतं.

एवढं करूनही बाराव्या वर्षी केलेली निवड पुष्कळदा चुकते. म्हणून मूल आवडलं की लगेच वसतिगृहात नेण्याची घाई मला पटत नाही. घर, भाषा, जेवण एकदम तुटलं की चांगली मुलंही महिन्याभरात परततात, आणि गावात 'नापास होऊन आला' असा शिक्का बसतो. निदान एक हंगाम त्याला गावातच ठेवावं, पीटीच्या सरांकडे चेंडू आणि सरावाचा आराखडा द्यावा आणि प्रशिक्षकानं महिन्यातून एकदा जाऊन पाहावं. अकादमीच्या चालकांनी मोठ्या चाचणीच्या मंडपावरचा खर्च या फेऱ्यांसाठी राखून ठेवावा. आणि पीटीच्या सरांनी आपल्या मैदानावरच्या अशा मुलांची नावं अकादमीला आजच कळवावीत, त्यांत मुलींचीही.